दोन सिम, एक हॉटस्पॉट आणि बारा दिवसांचा युरोप

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, परदेशी निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण बजावतो, काही झालं तरी रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घेरी येईल. दुसरा सांगतो, इ-सिम घ्या आणि रोमिंग चालू करा, नाहीतर नेट लागणारच नाही. ऐकणारा बिचारा गोंधळतो. खरं तर दोघंही बरोबर सांगत असतात, फक्त वेगवेगळ्या सिमबद्दल बोलत असतात. ही गाठ सुटली की बाकीचं पुष्कळसं आपोआप उलगडतं.

आधी रोमिंग म्हणजे काय ते बघू. तुमचं इथलं सिम पॅरिसला पोचलं की ते तिथल्या एखाद्या कंपनीच्या टॉवरला जोडलं जाऊ बघतं. ती कंपनी तुमच्या भारतातल्या कंपनीला विचारते, हा ग्राहक तुमचाच का, आणि परदेशात सेवा द्यायची का? होकार आला की फोनवर तिथल्या कंपनीचं नाव दिसतं. डेटा मात्र बहुतेक वेळा तिथून भारतातल्या कंपनीकडे येतो आणि मग इंटरनेटवर जातो. तिथली कंपनी आपल्या कंपनीला पैसे लावते, आपली कंपनी आपल्याला. पॅक घेतला असेल तर पॅकातून, नसेल तर एमबीच्या दराने. दर एमबीला अगदी एक रुपया धरला तरी एक जीबीचे हजार रुपये होतात, आणि एक जीबी म्हणजे तासाभराचा चांगल्या प्रतीचा व्हिडिओ.

आता इ-सिम. हे वेगळं कार्ड नसतं. फोनमध्ये कायमची बसवलेली एक चिप असते आणि क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीची माहिती इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरते. तुमच्या फोनला इ-सिम चालतं का हे बघायचं असेल तर फोनच्या डायल पॅडवर `*#06#` दाबा. आयएमईआयच्या जोडीला `EID` असा बत्तीस आकडी क्रमांक दिसला, तर चालतं.

आता मूळ गाठीकडे येऊ. प्रवाशांसाठी विकली जाणारी इ-सिम बहुतेक वेळा ज्या देशात वापरायची त्या देशाची नसतातच. ती कुठल्यातरी तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात. म्हणजे पॅरिसमध्ये तुमचं भारतीय सिम जसं पाहुणं, तसं हे इ-सिमही पाहुणंच. म्हणून त्याचं `Data roaming` चालू करावंच लागतं. त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात, रोमिंग चालू केल्याने जास्तीचं काही लागत नाही. पॅरिसला उतरलात, टॉवरच्या कांड्या पूर्ण दिसताहेत आणि नेट मात्र शून्य, तर बऱ्याचदा हा एक खटका बंद असतो. तोही चालू असेल आणि तरी नेट नसेल, तर विकणाऱ्याने पाठवलेल्या मेलमध्ये एपीएन नावाची ओळ शोधा आणि ती सेटिंगमध्ये जशीच्या तशी टाका.

भारतीय सिमचं `Data roaming` मात्र बंद. सिम काढून पाकिटात ठेवू नका बरं का, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. तो यायचा असेल तर निघण्यापूर्वी कंपनीच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू झाली आहे ना, ते बघा. ती नसेल तर सिम तिथल्या टॉवरला जोडलंच जात नाही आणि एसएमएसही येत नाही. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, येणारा कॉल मात्र फुकट नसतो, उचललात की मीटर पडला. आयफोनवर `Allow Mobile Data Switching` नावाचा आणखी एक खटका आहे. एका सिमचं नेट गेलं की फोन आपणहून दुसऱ्या सिमचं नेट घेतो, ही त्याची हुशारी. तोही बंद ठेवा. भारतीय सिमचं रोमिंग बंद असेल तर तसाही धोका नाही, पण एका दाराला दोन कड्या असलेल्या बऱ्या.

आता एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. काका-काकू चोवीस मे ते चार जून, बारा दिवस. पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली. काकांच्या फोनमध्ये दहा जीबीचं युरोपचं इ-सिम. काकूंचा फोन आणि टॅबलेट काकांच्या हॉटस्पॉटवर.

पहिली मेख स्वित्झर्लंडची. २०१७ पासून युरोपीय संघातल्या ग्राहकांना संघातल्या दुसऱ्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण स्वित्झर्लंड संघात नाही. त्यामुळे युरोप असं नाव असलेल्या काही स्वस्त प्लॅनमध्ये तो देशच नसतो. नावावर जाऊ नका, देशांची यादी उघडा आणि त्यात स्वित्झर्लंड शोधा. नसेल तर काय होतं? पॅरिसहून निघालेली गाडी बाझेलला सीमा ओलांडते आणि नकाशा जागेवर थिजतो. अशा वेळी माणूस घाबरून भारतीय सिमचं रोमिंग पाच मिनिटांसाठी चालू करतो. त्या पाच मिनिटांत सकाळपासून खोळंबलेली सगळी अ‍ॅपं एकदम नेटवर तुटून पडतात.

दुसरी मेख हॉटस्पॉटची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त डेटा इथेच जातो. काकूंच्या फोनच्या दृष्टीने काकांचा हॉटस्पॉट म्हणजे वाय-फाय. वाय-फाय म्हणजे घरचं, फुकटचं, असं अ‍ॅपं धरून चालतात. काकूंनी टिटलिसवर बर्फाचे दहा मिनिटांचे व्हिडिओ काढले. आयफोनवर फोरकेमध्ये, सेकंदाला तीस फ्रेमने, मिनिटाला साधारण एकशे सत्तर एमबी होतात. दहा मिनिटांचे एक हजार सातशे, म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास. उतरताना केबल कारमध्ये काकूंनी घरी एक फोटो पाठवायला हॉटस्पॉट घेतला आणि फोटोंच्या बॅकअपला वाटलं, वाय-फाय आलं. काकांनी दहा जीबी जपून वापरले तरी त्यातला सहावा हिस्सा असा परस्पर गेला, आणि काकांच्या फोनवर तो फक्त हॉटस्पॉट या एका ओळीत दिसतो. कोणत्या अ‍ॅपने खाल्ला ते कळत नाही.

म्हणून बंदोबस्त काकूंच्या फोनवर करायचा. फोटोंचा बॅकअप प्रवासापुरता सरळ बंद, रात्री हॉटेलच्या वाय-फायवर हवा तर चालू. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Storage and data` उघडा. अँड्रॉइडवर तिथे मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग असे तीन वेगळे नियम आहेत. लोक रोमिंगचा नियम कडक करतात आणि निश्चिंत होतात. पण हॉटस्पॉटवरच्या फोनला वाय-फायचा नियम लागतो. तेव्हा `When connected on Wi-Fi` उघडून सगळ्या खुणा काढा, नाहीतर कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ स्विस डेटावर उतरतील. शिवाय हे वाय-फाय मोजून मिळतंय, असं फोनला सांगताही येतं. अँड्रॉइडवर त्या वाय-फायच्या नावाशेजारच्या चक्रात `Treat as metered` असतं, आयफोनवर `Low Data Mode`. लॅपटॉप नेणार असाल तर हॉटस्पॉट जोडल्याजोडल्या विंडोजमध्ये त्या वाय-फायसाठी `Metered connection` चालू करा, कारण मोठा अपडेट यायला तो मुहूर्त बघत नाही.

आता इशारा लावणं. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये त्या इ-सिमच्या पानावर `Data warning & limit` असतं, सॅमसंगवर ते डेटा वापराच्या पानात मिळेल. इशारा आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इशारा नुसता सांगतो, मर्यादा मोबाइल डेटा बंदच करते, आणि मग हॉटस्पॉटवरच्यांचंही नेट जातं. काकांनी इशारा पाच जीबीवर लावावा, मर्यादा नऊवर. पाचचा इशारा तीस मेच्या आधी वाजला तर वापर वेगाने होतोय हे कळतं, आणि सावरायला निम्मा प्रवास हाताशी असतो. सगळे आठ किंवा नऊ जीबीवर इशारा लावतात, तो वाजतो तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

याच पानावर एक छुपा खड्डा आहे. फोनचं मोजमाप महिन्याच्या ठरावीक तारखेला शून्यावर येतं, आणि ती तारीख बहुतेक वेळा एक असते. काका चोवीस मेला निघाले. एकतीस मेपर्यंत साडेचार जीबी झाले. एक जूनला फोन म्हणतो, शून्य. इशारा वाजणारच नाही, कारण फोनच्या हिशेबी आता नव्याने पाच जीबी व्हायचे आहेत. म्हणून त्याच पानावर मोजमाप शून्यावर येण्याची तारीख चोवीस करून टाका.

आयफोनवर मात्र असा इशाराही नाही आणि मर्यादाही नाही. तिथे मोजमाप आपणहून कधीच शून्यावर येत नाही, अगदी तळाशी `Reset Statistics` असतं, ते निघायच्या दिवशी दाबायचं आणि रोज संध्याकाळी `Current Period Roaming` बघायचं. जेवताना गोळी घ्यायची आठवण ठेवता, त्याच वेळी बघा. फोन कोणताही असो, शेवटचा शब्द विकणाऱ्या कंपनीच्या मोजमापाचा. त्यांच्या अ‍ॅपमधला शिल्लक आकडा आणि फोनचा आकडा थोडा इकडेतिकडे असतोच.

मगाशी एका काकूंनी विचारलं, मग अनलिमिटेडच का घेऊ नये? जरूर घ्या, पण बारीक अक्षरं वाचून. अनेक अनलिमिटेड प्लॅनमध्ये दिवसाला ठरावीक डेटा झाला की वेग इतका उतरतो की नकाशाही जेमतेम उघडतो. आणि काहींमध्ये हॉटस्पॉट चालतच नाही, किंवा त्याला वेगळी मर्यादा असते. एका इ-सिमवर दोघांचं भागवायचं असेल तर हॉटस्पॉटची ओळ आधी शोधा. विकत कुठून घ्यायचं हाही प्रश्न आला. जानेवारी २०२४ मध्ये परवानगीशिवाय परदेशी इ-सिम विकणारी काही अ‍ॅपं सरकारच्या सांगण्यावरून भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली. तेव्हा कोण विकतंय ते बघा. आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक महाग असला तरी ज्यांना फोनमध्ये फार हात घालायचा नाही, त्यांनी तोच घ्यावा असं मी स्पष्टपणे सांगतो. मग भारतीय सिमचं `Data roaming` चालू ठेवायचं, पॅक सुरू झाल्याचा मेसेज आल्यानंतर.

विमानात फ्लाइट मोड लावाच. काही विमानांत स्वतःचं छोटं मोबाइल नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालणारं, आणि ते जमिनीवरच्या पॅकात सहसा बसत नाही. क्रूझवरही तेच.

इ-सिम घरच्या वाय-फायवर, निघण्याआधी एक-दोन दिवस उतरवून घ्या. मुदत उतरवल्यापासून सुरू होते की परदेशातल्या टॉवरला जोडल्यापासून, तेवढं आधी बघा. आणि तिथे नेट लागलं नाही म्हणून वैतागून ते फोनमधून पुसू नका. बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात, पुसलेलं इ-सिम पुन्हा उतरत नाही, मग नवीनच घ्यावं लागतं. चार जूनला मुंबईत उतरल्यावर मोबाइल डेटा भारतीय सिमवर परत आणा, आणि मुदत संपली की मग खुशाल पुसा.