आपल्याच कवितेचं विडंबन

नमस्कार श्रोतेहो.

विडंबन म्हटलं की आपल्याला आचार्य अत्रे आठवतात. 'केशवकुमार' या नावानं त्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली आणि त्या काळच्या कवितेतला भरजरीपणा हसत हसत उघडा केला. विडंबनाची रीत तशी सोपी आहे. मूळ कवितेचं वृत्त, यमक, वाक्यांची घडण, सगळं तसंच ठेवायचं आणि विषय मात्र अगदी किरकोळ घ्यायचा. ही रीत दुसऱ्याच्या कवितेवर बहुतेकांनी चालवली. ती स्वतःच्या जुन्या कवितेवर चालवली, तर काय कापायचं हे इतकं स्पष्ट दिसतं की कुठल्याही टीकाकाराची गरज पडू नये. आज तेवढंच सांगणार आहे, आणि एकच कविता घेऊन.

कविता माझीच, कॉलेजच्या वयातली. वृत्त पादाकुलक, म्हणजे ओळीला 16 मात्रा, आठ-आठच्या दोन लाटा. ऐका.

अनंत व्याकुळ सागर गर्जे
काळोखाच्या काळजातुनी;
तुझ्या स्मृतींचा वणवा पेटे
हृदयाच्या या उजाड रानी.

उभी पुलावर दादरला तू
ओला रुमाल मुठीत धरुनी;
युगायुगांची तहान वाहे
अश्रूंच्या या धारांमधुनी.

आता विडंबनासाठी विषय हवा. प्रेयसीच्या जागी मी छत्री घेतली, लोकलमध्ये विसरलेली. मुंबईत पावसाळ्यात हे दुःख घरोघरचं आहे. नियम एकच: जी ओळ नव्या विषयाला जशीच्या तशी चालेल तिला हात लावायचा नाही, आणि जी अडेल तेवढीच बदलायची. असं झालं:

अनंत व्याकुळ सागर गर्जे
काळोखाच्या काळजातुनी;
छत्री, पेटे तुझाच वणवा
हृदयाच्या या उजाड रानी.

राहिलीस तू लोकलमध्ये
सीटाखाली मला विसरुनी;
युगायुगांची तहान वाहे
अश्रूंच्या या धारांमधुनी.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. आठ ओळींपैकी पाच ओळी अक्षरही न बदलता छत्रीला लागू पडल्या. तिसरीत थोडी डागडुजी पुरली. पूर्ण नव्या लिहाव्या लागल्या त्या दोनच: दादरचा पूल आणि ओला रुमाल. छत्री पुलावर उभी राहू शकत नाही, तिच्या मुठीत रुमाल असू शकत नाही. या दोन ओळी अडून बसल्या, कारण त्या फक्त त्या मुलीच्या होत्या. बाकीच्या सहा कुणाच्याही होत्या.

इथे नीट थांबायला हवं, कारण सागराची ओळ सोडवत नाही. मुंबईच्या माणसाला वाटतं, समुद्र तर आपला खराच आहे, त्याला कसं काढू? पण दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की समुद्र दिसत नाही. दिसतात रूळ, पत्रे, माणसांची डोकी. कवितेतली माणसं जिथे उभी आहेत तिथून जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते कवितेत आलं कुठून? ते इतर कवितांमधून आलं. म्हणून ते छत्रीलाही चालतं.

विडंबनाची दुसरी फेरीही करा. यात विषय बदलायचा नाही, सवय फुगवायची. माझ्या कवितेत 'च्या-चा-ची' फार आहे: काळोखाचं काळीज, स्मृतींचा वणवा, हृदयाचं रान, युगायुगांची तहान, अश्रूंच्या धारा. तीच सवय मी मुद्दाम ताणली:

काळोखाच्या काळजातल्या
काजळरात्रीच्या काठावर

हे असं पानभर लिहिता येतं. क्रियापद येण्याची गरजच पडत नाही. मोठ्यानं वाचल्यावर मला एक गोष्ट कानानं कळली, जी डोळ्यांना कधी कळली नव्हती. काळोखाला काळीज भावनेमुळे आलेलं नव्हतं. 'का'ला 'का'नं ओढून आणलं होतं, आणि एकदा ती ओढ लागली की काजळ आणि काठ मागोमाग हजर. नाद जिथे अर्थाच्या पुढे चालतो तिथे विडंबन सगळ्यात भराभर लिहून होतं. हात अडखळला नाही, ती जागा लाल पेन्सिलीनं खुणेची.

'हृदयाच्या या', 'अश्रूंच्या या' यांतला 'या' पाहा. कुठलं हृदय दाखवायचंय? कुठलंच नाही, दोन मात्रा कमी पडत होत्या. याला पादपूरण म्हणतात. 'तुनी', 'मधुनी' ही यमकंही अशीच, हाताशी सापडणारी. वृत्त सोडू नये या मताचा मी आहे, पण मात्रा भरायची तर पुलावरचंच काहीतरी घेऊन भरावी.

मग कापलं. दोन ओळी उरल्या आणि प्रश्न पडला की पुढे काय. हा प्रश्न पूर्वी पडलाच नव्हता, कारण ती जागा युगायुगांच्या तहानेनं अडवून ठेवली होती. आता आठवावं लागलं की पुलावर नेमकं झालं काय. दादरच्या पुलाखालून पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांच्या गाड्या जातात. तिची एक, माझी दुसरी. नवी कविता चार ओळींची झाली:

उभी पुलावर दादरला तू
ओला रुमाल मुठीत धरुनी;
खालुन सुटल्या गाड्या दोन्ही
तरी न सुटली मूठ अजूनी.

'धरुनी' ठेवलं आहे, कारण आता शेवटच्या ओळीतली मूठ त्याला उत्तर देते. वणवा, अश्रू, हृदय, काहीच नाही, तरी जे सांगायचं होतं ते पहिल्या कवितेपेक्षा इथे जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

ही रीत कधी फसते तेही सांगतो. विषय फारच हास्यास्पद घेतला तर चांगली ओळसुद्धा हास्यास्पद वाटू लागते आणि आपण ती उगाच कापतो. त्यावर उपाय म्हणजे विषय बदलून पुन्हा लिहायचं. छत्रीनंतर गॅसवर करपलेलं दूध घ्या. जी ओळ छत्रीलाही चालली आणि दुधालाही चालली ती काढा. छत्रीला चालली पण दुधाला अडली, तर तिच्यात काहीतरी आहे, तिला तूर्त राहू द्या. मोठा शब्द दिसला की कापायचा, असंही नाही. 'अनंत' हा शब्द एखाद्या कवितेत अडून बसला, दुसऱ्या कुठल्याच विषयाला लागू होईना, तर तो तिथे कमावलेला शब्द आहे.

आणि कविता कालची असेल तर हे करू नका. कालच्या कवितेचं विडंबन करताना हात राखून लिहितो आपण, लाडक्या ओळी वाचवतो, आणि मग विडंबनही धड होत नाही. कुणाच्या मृत्यूवर लिहिलेली कविता असेल तर छत्री नको; तिथे विषय हसण्याचा न घेता साधा घ्या, बदललेलं घर किंवा बंद पडलेलं दुकान. कुठली ओळ सरकते आणि कुठली अडते, हे त्यातूनही तितकंच दिसतं.

नमस्कार.