पोस्टरवरची नावं कशी वाचायची: ‘द टॉवरिंग इन्फर्नो’

हे 1974 चं ‘द टॉवरिंग इन्फर्नो’चं पोस्टर. मोठी बिल्डिंग पेटलीय आणि खाली चेहऱ्यांच्या छोट्या छोट्या चौकटी. आधी मात्र वरची दोन नावं बघा, स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन. मॅक्वीन डावीकडे पण जरा खाली, न्यूमन उजवीकडे पण जरा वर. हे काही डिझायनरच्या हातून सरकलेलं नाहीये बरं का. दोघंही तेव्हाचे टॉपचे स्टार, पहिलं नाव कुणाचं यावर घासाघीस झाली, मग तोडगा असा निघाला की डावीकडून वाचलं तर मॅक्वीन पहिला आणि वरून वाचलं तर न्यूमन पहिला. म्हणजे नाव कुठे छापलंय यावरून चेहरा ओळखायला गेलात तर फसाल, ती जागा करारात ठरलेली असते.

चेहऱ्यांसाठी खालच्या चौकटींकडे यायचं. प्रत्येक फोटोखाली नटाचं नाव आणि त्याच्याखाली काम लिहिलंय, म्हणजे मॅक्वीन फायर चीफ, न्यूमन आर्किटेक्ट. पण पात्राचं नाव काही दिलेलं नाही. न्यूमनचं पात्र डग रॉबर्ट्स, मॅक्वीनचं मायकल ओ’हॅलोरन, हे कळायला सिनेमाच बघावा लागतो, पोस्टरचं काम तिथे संपतं.

आता खरी गंमत. विल्यम होल्डन, फे डनवे झाले की पुढे फ्रेड अस्टेअर, सुझन ब्लेकली, रिचर्ड चेंबरलेन, जेनिफर जोन्स, ओ. जे. सिम्पसन, रॉबर्ट वॉन, रॉबर्ट वॅग्नर. आडनावं इंग्रजीत लिहून बघा, ए, बी, सी, जे, एस, व्ही, डब्ल्यू, सरळ बाराखडीच लावलीय की! त्यामुळे अस्टेअर डनवेनंतर लगेच आला म्हणून त्याचा रोल तेवढाच मोठा असं नाही, आणि वॅग्नर शेवटी म्हणून तो किरकोळ असंही नाही. डनवेपर्यंत मान बघून क्रम, त्यानंतर फक्त अक्षर. (तरी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं ते अस्टेअरलाच, थोराड वयाचा गोड बोलणारा ठग केलाय त्याने, पण त्याचा या क्रमाशी काही संबंध नाही.)

आपल्याकडे ‘शोले’च्या टायटलमध्येही धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी आणि मग चौथा अमिताभ. जयचा रोल केवढा ते तुम्हाला सांगायला नको.

एक चेहरा मात्र या रांगेत शोधू नका, सुझन फ्लॅनरी. वॅग्नरच्या पात्राची सेक्रेटरी, लॉरी, ऑफिसात आगीत अडकते तो सीन ज्याने पाहिलाय तो विसरत नाही, त्या रोलसाठी तिला गोल्डन ग्लोबही मिळाला. पण तिचं नाव त्या वरच्या यादीत बसत नाही, खालच्या फळीत येतं, म्हणून चौकट नाही. तेव्हा अशा नटांसाठी पोस्टर बाजूला ठेवायचं आणि सिनेमाची पूर्ण नामावली उघडायची, तिथे नावापुढे पात्र सापडतं.