रात्रभर टुंग टुंग

श्रोतेहो, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवाळी झाल्यावर एक काका आले. पिशवीतून वायरलेस चार्जरची गोल थाळी काढून टेबलावर ठेवली न् म्हणाले, "भाऊ, पोरानं पुण्याहून पाठवलं, पण हे मले झोपू देत नाही. रातभर टुंग टुंग करते. सकाळी पाहतो त कुठं पाच-सात टक्केच चढलेले!"

थाळी खराब नव्हती. या थाळीच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, आणि तसंच एक फोनच्या पाठीत. खालच्या वेटोळ्यात वीज खेळली की वरच्यात वीज तयार होते. पण थाळी आंधळेपणानं वीज देत नाही. चार्जिंग चालू असताना फोन सेकंदाला तीन-चार वेळा तरी तिला कळवत असतो, वाढव, कमी कर, असंच राहू दे. हा निरोप दीड-दोन सेकंद आला नाही की थाळी समजते फोन उचलला, आणि वीज बंद करते. मग पुन्हा चाचपडते, फोन सापडला की पुन्हा टुंग. म्हणजे काकांना रात्रभर ऐकू येत होता तो तुटलेलं चार्जिंग पुन्हा जुळल्याचा आवाज.

आता तुटत का होतं? मी आधी कव्हर काढलं आणि नुसता फोन थाळीच्या मधोमध ठेवला. दहा मिनिटं झाली, एकदाही टुंग नाही. म्हणजे थाळी, वायर, अडॅप्टर सगळं ठीक. कव्हर चढवून ठेवला, तर दोन-तीन सेकंदांत बंद. कव्हर उलटं करून पाहिलं, तर आत चिकटवलेली लोखंडी पत्री! ट्रॅक्टरवर चुंबकाचा होल्डर आहे, त्याला फोन चिकटावा म्हणून. हात लावला तर पत्री कोमट झालेली.

कापूस विकणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल. घरून दहा क्विंटल भरून निघालो आणि जिनिंगच्या काट्यावर नऊच भरला, तर आपण विचारतो ना, एक क्विंटल गेला कुठं? थाळीही तोच हिशेब करते. मी एवढी वीज दिली, फोन म्हणतो मला एवढीच मिळाली. फरक जास्त दिसला की मधे धातू तापतोय असं धरून ती थांबते. हे थांबणं बिघाड नाही, राखण आहे. कव्हरात नाणं, किल्ली, पाठीला धातूची रिंग, सगळ्यांचा परिणाम हाच. चिप असलेलं एटीएम कार्डही कव्हरात ठेवू नका, ते खराब होऊ शकतं.

पत्री काढली, तरी काम पुरतं झालं नव्हतं. चार्जिंग सुरू झालं, पण फोन बोटभर सरकवला की बंद. कव्हर पट्टीनं मोजलं, चार मिलिमीटर जाड. साधारण तीन मिलिमीटरपर्यंत बहुतेक थाळ्या निभावतात. त्यापुढे दोन्ही वेटोळी अगदी समोरासमोर असली तरच जमतं. आणि काकांचा फोन होता व्हायब्रेटवर. पहाटे पाचपासून ग्रुपवर शुभ सकाळ सुरू, प्रत्येक फुलाच्या चित्रासरशी फोन गुळगुळीत थाळीवर केसभर सरकायचा. आता यात थाळीचा काय दोष, सांगा!

मग आम्ही जागा शोधली. फोन थोडा थोडा सरकवायचा, प्रत्येक जागी पाचेक सेकंद थांबायचं, कारण थाळीला ओळख पटायला वेळ लागतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठवर चालतं ते पाहायचं आणि त्या हद्दीच्या मधोमध फोन ठेवायचा. काकांच्या फोनचं वेटोळं मधापासून जरासं वर निघालं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून थाळीच्या कडेला काटकोनात चिकटवल्या, फोनच्या खाली नाही हं, बाजूला, कठड्यासारख्या. फोन त्यांना टेकवला की जागेवर बसतो, हलत नाही.

नवीन काही फोनांत आणि थाळ्यांत चुंबकाचं कडं असतं, ते फोनला आपोआप नेमक्या जागी ओढतं. 2023 मध्ये जाहीर झालेल्या वायरलेस चार्जिंगच्या ‘ची टू’ पद्धतीत तेच आहे. ते कडं वेटोळ्याच्या भोवती, हिशेबानं बसवलेलं असतं. आपण चिकटवलेली पत्री वेटोळ्याच्या बरोबर मधे येते, म्हणून दोन्हींची गल्लत करू नका.

तुमच्याकडे असं होत असेल तर आधी बंद पडण्याची वेळ पाहा. दोन-चार सेकंदांत बंद होत असेल तर धातू किंवा जागा चुकलेली. मेसेज आला की तुटत असेल तर फोन सरकतोय. पण अर्ध्या तासानं थांबून गार झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर फोन तापल्यामुळे स्वतःच थांबतोय. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी थाळी लावाल तर हे होणारच. तेव्हा सरळ वायर लावा, ती कमी तापवते. काकांनीही होल्डरवाल्या पत्रीचं दुसरं कव्हर केलंय, शेतात ते आणि घरी बिनपत्रीचं.