योनाला विचारलेला प्रश्न आणि तो ऐकणारे लोक

योनाच्या पुस्तकात एकूण 48 वचनं आहेत. त्यातली जेमतेम तीन माशाबद्दल आहेत आणि आपल्याला आठवतो तो नेमका मासाच. आज मी माशाला बाजूला ठेवणार आहे. मला बोलायचं आहे ते शेवटच्या दोन वचनांबद्दल. चाळीस दिवसांत निनवे उलथेल हा देवाचा निरोप योनाने त्या शहराला सांगितला, पण तिथल्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने शहर सोडून दिलं. आता योना शहराच्या पूर्वेला उन्हात बसला आहे. काल त्याच्या डोक्यावर सावली धरणारं रोप होतं. कोणी त्याला एरंड म्हणतात, कोणी भोपळ्याचा वेल. पहाटे किड्याने ते कुरतडलं आणि ते वाळलं. योना चिडून मरण मागतो आहे. तेव्हा देव त्याला म्हणतो: ज्या रोपासाठी तू कष्ट केले नाहीस, जे तू वाढवलं नाहीस, जे एका रात्रीत उगवलं आणि एका रात्रीत गेलं, त्याची तुला कीव आली. मग ज्या मोठ्या निनवे नगरात उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्या निनवेची मी कीव करू नये काय?

इथे पुस्तक संपतं. योना काय म्हणाला, उठून घरी गेला की तिथेच बसून राहिला, यातलं काहीच सांगितलेलं नाही.

हा प्रश्न आपण आज सहज ‘करावी की कीव’ असं उत्तर देऊन मोकळा करतो. आपल्याला ते सोपं जातं, कारण निनवेने आपलं काही बिघडवलेलं नाही. पण ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं त्यांचं काय? त्यांच्या जागी बसून हा प्रश्न ऐकला तर तो वेगळाच ऐकू येतो.

आधी काळ समजून घेऊ. अमित्तयाचा पुत्र योना हा खरा संदेष्टा म्हणून ‘2 राजे’च्या चौदाव्या अध्यायात येतो. तो गथ-हेफेरचा, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातला. दुसऱ्या यराबाम राजाचा हा काळ, इसवी सनापूर्वीचं आठवं शतक. पण योनाच्या नावाचं हे पुस्तक बहुतेक अभ्यासक त्यानंतर तीनेकशे वर्षांनी, बाबेलच्या बंदिवासातून लोक परतल्यानंतर लिहिलं गेलं असं मानतात. पुस्तकातच त्याच्या खुणा आहेत. निनवेचा उल्लेख ‘होतं’ असा, सरून गेलेल्या गोष्टीसारखा येतो. योनाच्या हयातीत निनवे अश्शूर साम्राज्याची राजधानीही नव्हतं. ते वैभव त्याला पुढे सन्हेरीबने दिलं. म्हणजे लेखक स्मरणातल्या निनवेबद्दल लिहितो आहे, आणि ऐकणाऱ्यांच्या मनातही तेच स्मरण आहे.

ते स्मरण काय होतं? इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने राजधानी शोमरोन घेतली आणि योनाचं उत्तरेचं राज्य नकाशावरून पुसलं गेलं. सार्गोन राजाच्या लेखात 27 हजारांवर माणसं उचलून नेल्याची नोंद आहे. ती पुन्हा आली नाहीत. इ.स.पू. 701 मध्ये सन्हेरीब दक्षिणेत यहूदात उतरला. तटबंदीची 46 नगरं घेतली आणि तिथला राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं त्याने स्वतःच कोरून ठेवलं आहे. लाखीश नगराच्या पाडावाची चित्रं त्याने निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर दगडात खोदून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात सुळावर चढवलेली माणसं दिसतात, आणि बैलगाडीवर गाठोडी बांधून, मुलांना वर बसवून बंदिवासात निघालेली कुटुंबंही दिसतात. निनवेच्या राजाच्या घरात ही सजावट होती.

योनाच्या पहिल्या श्रोत्यांच्या दृष्टीने ‘निनवे’ म्हणजे हे. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, जी कथेतल्या योनाला ठाऊक नाही: इ.स.पू. 612 मध्ये बाबेल आणि मेदी सैन्यांनी निनवे जमीनदोस्त केलं. पुस्तक ऐकलं जात होतं तेव्हा त्या शहराच्या जागी ढिगारे उरले होते.

त्या पडझडीवर त्यांच्याकडे एक दुसरं पुस्तकही होतं, नहूमचं. नहूम निनवेच्या नाशाचं गीत आहे, रथांच्या घरघराटाने आणि प्रेतांच्या राशींनी भरलेलं. तेही प्रश्नानेच संपतं. अश्शूरच्या राजाला उद्देशून नहूम म्हणतो: तुझी वार्ता ऐकणारे सगळे टाळ्या वाजवतात, कारण तुझ्या अखंड दुष्टाईचा फटका कोणाला बसला नाही? बारा संदेष्ट्यांपैकी या दोघांची पुस्तकं निनवेभोवती फिरतात, आणि दोन्ही निनवेविषयीच्या प्रश्नावर थांबतात. नहूमच्या प्रश्नाचं उत्तर श्रोत्यांच्या जिभेवर तयार होतं. योनाच्या प्रश्नाशी त्यांची जीभ अडत असणार.

या दोन पुस्तकांचं नातं आणखी खोल आहे. ‘निर्गम’च्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो. त्या ओळखीला दोन बाजू आहेत. एकीकडे दयाळू, कृपाळू, मंदक्रोध; दुसरीकडे अपराध्याची मुळीच गय न करणारा. इस्राएलात ही वचनं तोंडपाठ होती. नहूम आरंभीच त्यातला ‘मंदक्रोध’ घेतो आणि लगेच दुसऱ्या बाजूकडे वळतो: परमेश्वर दोषी माणसाला सोडणार नाही. योना चौथ्या अध्यायात तीच वचनं म्हणतो, पण दुसरी बाजू गाळतो आणि तिच्या जागी ‘अरिष्ट आणण्याचा विचार बदलणारा’ असं म्हणतो. तेही तो स्तुती म्हणून म्हणत नाही. ती तक्रार आहे. तू असा आहेस हे मला माहीत होतं, म्हणूनच निनवेला जायचं सोडून मी जहाजाने तार्शीशला पळालो, असं तो देवाला तोंडावर सांगतो.

पुष्कळ प्रवचनांत योनाला कोत्या मनाचा, परक्यांचा द्वेष करणारा म्हणून रंगवलं जातं आणि त्याच्या आडून सगळ्या ज्यू समाजाला संकुचित ठरवलं जातं. मला हे वाचन अन्यायाचं वाटतं. हे पुस्तक ज्यूंनीच लिहिलं, ज्यूंनीच जपलं आणि आपल्या पवित्र ग्रंथांत ठेवलं. शिवाय योनाचा राग परक्यांवर आहे असं म्हणायला पुस्तकात आधार नाही. तार्शीशच्या वाटेवर वादळात सापडलेल्या जहाजावरचे खलाशी परकेच होते. त्यांचा जीव वाचावा म्हणून ‘मला समुद्रात टाका’ असं योना स्वतः सांगतो. त्याचा आक्षेप न्यायाबद्दल आहे. कथेप्रमाणे चाळीस दिवसांनी निनवे उलथलं असतं, तर काही दशकांनी शोमरोन कोणी बुडवलं असतं? श्रोत्यांना हे दिसत होतं. देवाची कीव निनवेला मिळाली आणि तिची किंमत त्यांच्या पूर्वजांनी मोजली. ज्यांच्या घरातली माणसं लाखीशच्या त्या वाटेने गेली, त्यांनी योनाशी सहमत होणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

पण लेखकाने नायक म्हणून योनालाच का निवडलं? उत्तर ‘2 राजे’मधल्या त्या उल्लेखात असावं. तिथे म्हटलं आहे की यराबाम राजा परमेश्वराच्या दृष्टीने वाईट तेच करत राहिला. तरीही इस्राएलचे हाल देवाला पाहवले नाहीत, म्हणून त्याने राज्याची सीमा पुन्हा वाढवून दिली, आणि ते वचन योनाच्या मुखातून आलं. त्या वेळी पश्चात्ताप कोणीच केला नव्हता. तिथे राजा राखेत बसला नाही की कोणी गोणपाट नेसलं नाही. म्हणजे ज्यांची लायकी नव्हती त्यांना मिळालेल्या दयेचा निरोप आधी आणणारा माणूस योनाच होता, आणि ती दया त्याच्या स्वतःच्या लोकांना मिळाली होती. राजांचा इतिहास जाणणाऱ्या श्रोत्याला हे नाव ऐकताच ते आठवलं असणार.

आता शेवटच्या प्रश्नाची बांधणी पाहा. निनवेने उपास केला, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, जनावरांनाही गोणपाट गुंडाळलं, हे सगळं तिसऱ्या अध्यायात येऊन गेलं आहे. पण देव आपली बाजू मांडताना त्यातलं काहीच पुढे करत नाही. ‘ते सुधारले, म्हणून मी सोडलं’ असं तो म्हणत नाही. त्या युक्तिवादाला श्रोत्यांकडे सडेतोड उत्तर होतं: ते सुधारले असते तर शोमरोनचं काय झालं? देव दुसऱ्याच ठिकाणी बोट ठेवतो. रोपासाठी तू कष्ट केले नाहीस, तू ते वाढवलं नाहीस. मग निनवेसाठी कष्ट कोणी केले, ते कोणी वाढवलं? हे देव उघड बोलत नाही, पण तुलना पुरी करायची तर एकच उत्तर उरतं. ज्या शहराने तुमची नगरं जाळली ते माझ्या हातचं आहे, तिथली माणसं आणि गुरं मी वाढवली आहेत, हा देवाचा दावा आहे. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायातही देव अश्शूरला ‘माझ्या हातची कृती’ म्हणतो. तिथे ते भविष्याचं स्वप्न आहे. इथे ते एका दुखावलेल्या माणसाच्या तोंडावर विचारलं जातं.

आणि देव योनाचा राग खोटा ठरवत नाही. ‘तू रागावतोस हे बरं का?’ असं तो दोनदा विचारतो, धमकी एकदाही देत नाही. मूळ हिब्रूत योनाची तक्रार 39 शब्दांची आहे आणि देवाचं शेवटचं बोलणंही बरोबर 39 शब्दांचं. दोघांना सारखी जागा दिली आहे. तक्रारीचं वजन कमी केलेलं नाही.

आणखी एक बाब सांगायला हवी. हिब्रूत प्रश्नचिन्ह नव्हतं, आणि या वाक्यात प्रश्न दाखवणारं वेगळं अव्ययही नाही. हा प्रश्न आहे हे संदर्भावरून आणि वाचणाऱ्याच्या स्वरावरून ठरतं. म्हणून काही अभ्यासक ते साधं विधान म्हणून वाचतात: तू रोपाची कीव केलीस, पण मी निनवेची कीव करणार नाही. इ.स.पू. 612 नंतरच्या श्रोत्याला हेही खरंच वाटलं असतं, कारण निनवे शेवटी पडलंच. मी स्वतः प्रश्नच वाचतो. विधान मानलं तर रोपाचा सगळा प्रसंग कशासाठी घडवला आणि गुरंढोरं कशासाठी मोजली, हे कळत नाही. पण इतकं मात्र खरं की जमलेल्या लोकांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला शेवटी आवाज वर न्यायचा की खाली, हे दर वेळी ठरवावं लागत होतं. वर नेला तर ढिगाऱ्याखाली गेलेल्या शहरासाठी, तेही मारेकऱ्यांच्या शहरासाठी, देव अजून विचारतो आहे.

पुढे ज्यू परंपरेने हे पुस्तक योम किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारच्या प्रार्थनेत वाचायला घेतलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल याच दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत. सभास्थानात योना वाचून झाला की त्याला लागूनच मीखाच्या शेवटची तीन वचनं वाचतात: तुझ्यासारखा अपराधांची क्षमा करणारा देव कोण आहे? तू त्यांची सगळी पापं समुद्राच्या खोल तळाशी टाकशील. समुद्राचा तळ योनाने पाहिलेलाच आहे, त्यामुळे जोड अगदी चपखल बसते. मात्र मीखाची ती वचनं याकोब आणि अब्राहामाच्या वंशाबद्दल आहेत. त्यांत निनवेचं नाव नाही, आणि योनाला विचारलेला प्रश्न तिथेही तसाच राहतो.