फोन बंद, कॉम्प्युटर चालू, पण चौदाच दिवस

नमस्कार श्रोतेहो. फोन दुरुस्तीला टाकलाय, पण कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप छान चाललंय, म्हणून आपण निर्धास्त असतो. आणि एके दिवशी सकाळी समोर पुन्हा क्यूआर कोडचा चौकोन दिसतो. असं का होतं, ते आज पाहू.

2021 च्या आधी कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप म्हणजे फोनचा नुसता आरसा होता. फोनचं नेट गेलं की तेही गप्प. आता जोडलेल्या प्रत्येक उपकरणाकडे मेसेज उघडायची स्वतःची किल्ली असते आणि मेसेज त्याच्याकडे थेट येतो. फोन बंद असला तरी काम चालतं. पण खातं मात्र फोनचंच. चौदा दिवसांत फोनवर एकदाही व्हॉट्सॲप उघडलं नाही, तर जोडलेली सगळी उपकरणं बाहेर काढली जातात, म्हणजे लॉगआउट होतात.

एखाद्या किराणा दुकानदार ताईंचं उदाहरण घ्या. 1 जूनला त्यांचा फोन बंद पडला. ऑर्डरी त्या कॉम्प्युटरवर घेत राहिल्या. मोजणी मात्र 1 जूनपासून, म्हणजे फोनवर शेवटचं व्हॉट्सॲप उघडलं तिथपासून सुरू झाली. कॉम्प्युटर रोज वापरला म्हणून ती पुढे सरकत नाही. महिन्याच्या मध्यावर त्यांचं कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप बाहेर पडणार. यावर उपाय अगदी साधा आहे. फोन चालू होत असेल तर त्यात सिम नसलं तरी चालेल, घरच्या वायफायवर एकदा व्हॉट्सॲप उघडायचं.

आता जुन्या मेसेजचं काय? उपकरण जोडताना फोन त्याला अलीकडच्या गप्पांची प्रत पाठवतो, सगळ्या गप्पांची नाही. त्यामुळे चार वर्षांपूर्वीचं बिल कॉम्प्युटरवर सापडलं नाही, तर ते हरवलं असं समजू नका, फोनवर शोधा. बाहेर पडल्यावर कॉम्प्युटरवरची ही प्रत आपल्याला उघडता येत नाही. फोन जुन्या माहितीसह परत आला, तर पुन्हा कोड स्कॅन केला की नवी प्रत येते. फोन बंद असताना आलेले मेसेजही सर्व्हरवर थांबलेले असतात, पण तीसच दिवस. त्यापुढे न पोचलेला मेसेज पुसला जातो.

खरी अडचण होते ती दुरुस्तीत फोन कोरा झाला तर. मग व्हॉट्सॲप नव्याने सुरू करावं लागतं, त्यात जोडलेली उपकरणंही बाहेर पडतात आणि भिस्त राहते बॅकअपवर. तो मे महिन्यातला असेल, तर जूनच्या ऑर्डरी परत मिळतील याची खात्री नाही. कॉम्प्युटर म्हणजे बॅकअप नव्हे. म्हणून फोन दुकानात असतानाच, चौदा दिवसांच्या आत, कामाचे फोटो, पीडीएफ आणि पावत्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पत्ते आणि हिशेबाचे मेसेज कॉपी करून एखाद्या फाइलमध्ये चिकटवा. नमस्कार.