व्हीआरएसचे पाच लाख आणि साहेबांचे प्रश्न

मागच्या रांगेतले भाऊ, पंख्याखाली या, आवाज येत नसेल तिकडे. तर जळगावच्या एमआयडीसीतल्या एका माणसाची केस सांगतो, कंपनीचं नाव नको. वय ५४, नोकरी २२ वर्षं, बेसिक आणि डीए मिळून ३२,००० पगार, रिटायरमेंट ५८ ला. व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, १४ लाख मिळाले, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमधे कलम १०(१०सी) खाली ५ लाख माफ दाखवले, बाकीचे ९ लाख पगारात धरले. आणि सहा महिन्यांनी पोर्टलवर नोटीस, की स्कीम नियम २बीएमधे बसते का ते दाखवा. कंपनीने फॉर्म १६ मधे माफी दाखवलीच नव्हती, पूर्ण रकमेवर टीडीएस कापलेला, म्हणून आकडे जुळेनात. फॉर्म १६ मधे नाही म्हणून हक्क जात नाही, पण मग सिद्ध करायचं काम आपल्यावर येतं.

याने उत्तर काय दिलं? "स्कीम नियमाप्रमाणे आहे." एक ओळ! अहो भो, साहेब तेच तर विचारतोय ना.

मग आम्ही बसून हिशेब मांडला. नियम म्हणतो रक्कम एकतर दर पूर्ण वर्षाला तीन महिन्यांचा पगार, म्हणजे ६६ महिने, २१ लाख १२ हजार, नाहीतर उरलेले ४८ महिने गुणिले पगार, १५ लाख ३६ हजार, याच्या आत हवी. १४ लाख दोन्हीत बसतात, भांडणच नाही. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे यात मिसळू नका, त्यांची कलमं वेगळी, पण कंपनीने एकाच चेकने दिले असतील तर फोड लिहून घ्या.

दहा वर्षं नोकरी किंवा चाळीस वय, हे नेमणूकपत्रातून आणि आधारवरून झालं. स्कीम कामगार-ऑफिसर सगळ्यांना होती, डायरेक्टर सोडून, आणि माणसं कमी करायलाच आणली, हे मूळ सर्क्युलरमधे छापलेलं होतं, ते त्याने बायकोच्या साडीच्या पिशवीत ठेवलेलं, नशीब.

अडकलं कुठे, तर याची रिकामी झालेली जागा कंपनीने परत भरली नाही ना, इथे. रिटायर झालेल्या माणसाला ते कसं कळणार? एचआरला मेल टाकला, उत्तर नाही. मग तो मेलच जोडला आणि लिहिलं की ही माहिती कंपनीकडे आहे, कलम १३३(६) खाली तुम्ही मागवू शकता. असं लिहायला घाबरू नका.

शेवटचा प्रश्न होता, आता नोकरी कुठे? पाचोऱ्याच्या जिनिंगमधे. जुन्या मालकांच्या मॅनेजमेंटच्याच दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही, म्हणून जिनिंगच्या भागीदारांची नावं आणि पगारपत्रक लावलं, दोन्हीकडे एकही नाव सारखं नव्हतं.

हां, काय म्हणता अण्णा? पगाराचे पैसे एकदम आले की मिळते ती कलम ८९ ची सवलतही घ्यायची? नाही हो, या पैशावर ती घेतली की ही माफी गेली, दोन्हीतलं एकच. आणि ही माफी जन्मात एकदाच, आधीच्या नोकरीत घेतली असेल तर आता नाही.