चार अभ्यास, चार ओळी आणि ‘परिणाम नाही’ हा शेरा

(संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

लिटरेचर रिव्ह्यूचा तक्ता कसा आखायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. एका ओळीत एक अभ्यास आणि रकाने तीन, म्हणजे पद्धत, नमुना आणि निष्कर्ष. एक्सेल उघडलं की दोन मिनिटांत आखून होतो. अडचण पुढे येते. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्त्यांमध्ये पद्धतीखाली ‘आरसीटी’, नमुन्याखाली एक आकडा आणि निष्कर्षाखाली ‘परिणाम आढळला’ किंवा ‘परिणाम आढळला नाही’ एवढंच असतं. असा तक्ता भरून झाल्यावर विद्यार्थी विचारतो, ‘सर, आता यातून लिहू काय?’ लिहिण्यासारखं त्यात काही नसतंच. म्हणून आज आपण रकाने सोडून देऊ आणि रकान्यातल्या चौकोनात काय लिहायचं तेवढंच बघू.

उदाहरण संडासांचं घेऊ. प्रश्न असा की गावात संडास बांधले तर लहान मुलांचं जुलाबाचं प्रमाण घटतं का, आणि त्यांची उंची वाढते का. यावर चार अभ्यास घेऊ. पहिला आपल्याच अहमदनगर जिल्ह्यातला, आजच्या अहिल्यानगरमधला. तो हॅमर आणि स्पीअर्स यांचा. दुसरा मध्य प्रदेशातला, पाटील आणि सहकाऱ्यांचा, 2014 चा. तिसरा ओडिशातला, क्लासेन आणि सहकाऱ्यांचा, तोही 2014 चा. चौथा आफ्रिकेतल्या मालीमधला, पिकरिंग आणि सहकाऱ्यांचा, 2015 चा.

पहिली गफलत ओळ आखतानाच होते. हॅमर-स्पीअर्स यांचा अभ्यास 2013 साली जागतिक बँकेचा वर्किंग पेपर म्हणून आला आणि 2016 मध्ये जर्नलमध्ये छापून आला. दोन पीडीएफ, दोन साल. विद्यार्थी दोन ओळी टाकतो आणि पुढे ‘दोन अभ्यासांत परिणाम दिसला’ असं लिहून मोकळा होतो. ओळ अभ्यासाची असते, पेपरची नव्हे. त्या अभ्यासाचे जितके पेपर असतील तितके त्याच ओळीत नोंदवा.

आता पद्धतीचा रकाना. हे चारही अभ्यास गावांची यादृच्छिक विभागणी करून केलेले प्रयोग आहेत. म्हणजे ‘आरसीटी’ लिहिलंत तर चारही चौकोनांत एकच शब्द येणार, आणि ज्या रकान्यात सगळीकडे तेच लिहिलंय तो रकाना काही सांगत नाही. तिथे तीन गोष्टी लिहा. गावाला नेमकं काय दिलं? मालीत संडासासाठी अनुदान नव्हतं, लोकांनी स्वतः संडास बांधावेत म्हणून गावसभा आणि समजावणी होती. भारतातले तिन्ही प्रयोग संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या चौकटीतले. दुसरं, परिणाम मोजला कसा? जुलाब हे घरच्यांना विचारून कळतात, उंची पट्टीने मोजली जाते. आठवणीवर अवलंबून असलेल्या आणि पट्टीने मोजलेल्या आकड्याला एकाच तराजूत घालता येत नाही. तिसरं, किती काळाने मोजला? उंचीवर फरक पडायला वेळ लागतो, म्हणून ही नोंद गाळू नका.

नमुन्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त चूक होते. ओडिशाच्या अभ्यासात पाच वर्षांखालच्या मुलांची संख्या प्रयोगाच्या गावांत 1919 आणि तुलनेच्या गावांत 1916. विद्यार्थी लिहितो, ‘नमुना 3835’. आकडा बरोबर आहे, पण चिठ्ठी मुलांची पडली नव्हती, गावांची पडली होती. गावं 100, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. एका गावातली मुलं एकच पाणी पितात, त्याच मातीत खेळतात. त्यांना परस्परांपासून स्वतंत्र धरता येत नाही. म्हणून चौकोनात आधी गावांची संख्या लिहा, मग मुलांची. तसं केलंत की चित्र पालटतं: ओडिशा 100 गावं, माली 121, मध्य प्रदेश 80 आणि अहमदनगर 60. अहमदनगरच्या ओळीत आणखी एक नोंद हवी. योजना तीन जिल्ह्यांची होती, प्रयोग प्रत्यक्षात एकाच जिल्ह्यात राबवला गेला. लेखकांनी हे लपवलेलं नाही, उलट त्यावरच चर्चा केली आहे. पण फक्त सारांश वाचून तक्ता भरणाऱ्याच्या हाती त्यातलं फारसं लागत नाही.

निष्कर्षाच्या रकान्यात ‘परिणाम नाही’ हे शब्द मी खोडून टाकतो. ओडिशाचंच पाहा. मागच्या सात दिवसांत जुलाब झालेली मुलं प्रयोगाच्या गावांत 8.8 टक्के, तुलनेच्या गावांत 9.1 टक्के. दोन्हींचं गुणोत्तर 0.97 आणि 95 टक्के विश्वासमर्यादा 0.83 ते 1.12. म्हणजे जुलाब सतरा टक्क्यांनी घटले असण्याची शक्यताही या आकड्यांत बसते आणि बारा टक्क्यांनी वाढले असण्याचीही. ‘परिणाम नाही’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. आकडा, मर्यादा आणि पान क्रमांक लिहा. पान क्रमांक यासाठी की सहा महिन्यांनी गाईड विचारतील तेव्हा पूर्ण पेपर पुन्हा चाळावा लागू नये. पेपरमध्ये एखादी गोष्ट दिलेलीच नसेल तर ‘दिलेलं नाही’ असं लिहा, आणि तुम्ही अजून तिथवर वाचलेलं नसेल तरच चौकोन रिकामा ठेवा. नाहीतर रिकाम्या चौकोनाचा अर्थ पुढे तुमचा तुम्हालाच लागणार नाही.

शिवाय निष्कर्ष एकच नसतो. मालीत जुलाबात म्हणण्यासारखा फरक नाही, प्रयोगाच्या गावांत 22 टक्के आणि इतरत्र 24. पण वयाच्या मानाने उंचीचा निर्देशांक 0.18 ने जास्त. हे एकाच चौकोनात कोंबलं तर ‘मिश्र परिणाम’ असा शब्द सुचतो, आणि त्या शब्दाचा कुणाला काही उपयोग नाही. जुलाबाला वेगळा रकाना द्या, उंचीला वेगळा.

एवढं झालं की तक्ता आडवा वाचणं थांबवा, उभा वाचा. उंचीच्या रकान्यात अहमदनगरला साधारण 0.3 ची वाढ, मालीला 0.18, मध्य प्रदेश आणि ओडिशात काही नाही. लगेच मनात येतं, त्या दोन ठिकाणी संडास बांधलेच गेले नसतील. ही शंका तपासायला पाचवा रकाना आखा: संडास असलेल्या घरांच्या प्रमाणात प्रत्यक्ष फरक किती पडला. मालीत प्रयोगाच्या गावांत 65 विरुद्ध तुलनेच्या गावांत 35 टक्के. मध्य प्रदेशात 41 विरुद्ध 22. ओडिशात 63 विरुद्ध 12. अहमदनगरमध्ये फरक सुमारे 8 टक्क्यांचा. म्हणजे जिथे सर्वांत कमी वाढ झाली तिथे उंचीवर सर्वांत मोठा परिणाम, आणि जिथे सर्वांत जास्त वाढ झाली तिथे काहीच नाही. सोपं स्पष्टीकरण गेलं.

मग सहावा रकाना, वापराचा. ओडिशात 63 टक्के घरांत संडास होते, पण वापरण्याच्या स्थितीत असलेले जेमतेम 38 टक्के घरांत. मध्य प्रदेशात उघड्यावर जाणारी प्रौढ माणसं तुलनेच्या गावांत 84 टक्के, तर प्रयोगाच्या गावांतही 73 टक्के होती. आता दोन ‘परिणाम नाही’ अभ्यासांना काहीतरी समान धागा मिळतो. अहमदनगरचं कोडं मात्र त्याने सुटत नाही, आणि तिथली गावं साठच आहेत हे तुमच्या नमुन्याच्या रकान्यात आधीच लिहिलेलं आहे.

या तक्त्यावरून प्रकरणातला परिच्छेद लिहायला घेतलात तर पहिलं वाक्य ‘हॅमर आणि स्पीअर्स यांच्या मते’ असं सुरू होणार नाही. ते असं असेल: ‘संडासांच्या संख्येतली वाढ आणि मुलांच्या उंचीवरचा परिणाम यांचा क्रम या चार प्रयोगांत जुळत नाही.’ त्यापुढे वापराचा मुद्दा येईल, मग अहमदनगरचा अपवाद, मग गावांच्या संख्येची शंका. लेखकांची नावं कंसात जातील.